गुडघ्यात रुतलेली खडी पहिल्या दिवशीच काढा

पत्र

माझा नऊ वर्षांचा मुलगा काल संध्याकाळी सायकलवरून पडला. आमच्या गल्लीतला रस्ता उकरून ठेवलाय, वर नुसती बारीक खडी आणि डांबराचा चुरा. गुडघा चांगलाच सोलवटलाय. मी नळाखाली धरला, पण तो इतका ओरडला की मला पुढे हात लावायचा धीर झाला नाही. सासूबाईंनी हळद दाबली. रक्त थांबलं, पण आत काळे ठिपके दिसतात. ते आपोआप बाहेर येतील का? पट्टी बांधायची की उघडं ठेवायचं? धनुर्वाताचं इंजेक्शन पाचव्या वर्षी घेतलं होतं, आता पुन्हा द्यायचं का? आणि चिघळतंय हे ओळखायचं कसं?

— एक आई, कराड

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर वाट न बघता मी लगेच फोन केला, कारण यातला एक भाग घड्याळाशी बांधलेला होता. आपण फोनवर जे बोललो आणि पुढच्या चार दिवसांत जे घडलं, ते इथे सविस्तर लिहितो. पावसाळा संपत आला की उकरलेल्या रस्त्यांवर पडलेली अशी पाच-सहा पोरं माझ्या दवाखान्यात येतातच.

आधी काळ्या ठिपक्यांचं बघू. ते आपोआप येतील या भरवशावर बसू नका. काही कण खपलीबरोबर निघतात हे खरं, पण सगळे निघत नाहीत. खरचटलेल्या जागी नवी कातडी फक्त कडेने आत सरकत येते असं नाही. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींशी कातडीच्या पेशी शिल्लक असतात, त्यांच्यापासूनही ती बेटाबेटांनी वर येते. म्हणून वरवरची जखम आठ-दहा दिवसांत झाकली जाते. पण ती झाकली जाते तेव्हा खाली रुतलेला डांबराचा कणही तिच्याखाली झाकला जातो. मग तो गोंदणासारखा कायमचा राहतो. आत काळा असला तरी कातडीतून निळसर-करडा दिसतो. माझ्या डाव्या गुडघ्यावर असे सात ठिपके आहेत. मी चौथीत असताना पडलो, दवाखान्यातल्या माणसाने स्पिरिटचा बोळा फिरवला, वर पावडर मारली आणि घरी पाठवलं. आज ते काढायचे म्हटलं तर लेझर किंवा चाकू लागेल. त्या दिवशी पंधरा मिनिटं पाणी आणि एक चिमटा पुरला असता.

म्हणून पहिले चोवीस तास महत्त्वाचे. तोपर्यंत कण सैल असतात. त्यानंतरही काढता येतात, पण प्रत्येक दिवसागणिक ते जास्त घट्ट बसतात आणि काढताना नवी आलेली कातडी ओरबाडली जाते.

तुमचा धीर झाला नाही, यात नवल नाही. खरचटणं हे खोल कापण्यापेक्षा जास्त झोंबतं, कारण वरचा थर निघून गेल्यावर मज्जातंतूंची असंख्य टोकं एकदम उघडी पडतात. तेव्हा मुलाला धाक दाखवून किंवा चार जणांनी धरून हे काम करू नका. आधी दुखणं कमी करा. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, किलोमागे १५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलाचं वजन २६ किलो, म्हणजे ३९० मिलिग्रॅम. तुमच्या घरातल्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असं लिहिलं होतं, म्हणून मी साडेसात मिलिलिटर सांगितलं. त्यात ३७५ मिलिग्रॅम जातं, ते पुरेसं आहे. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका, कारण लहान बाळांच्या सिरपमध्ये याच्या निम्मंच औषध असतं. औषध दिल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचं. पुन्हा द्यायचं झालं तर सहा तासांनी.

तेवढ्या वेळात पाणी तयार होतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असेल तर तेच वापरा. त्याने धुतलेल्या जखमा सलाइनने धुतलेल्यांपेक्षा जास्त चिघळत नाहीत, हे नीट तपासून पाहिलेलं आहे. तुमच्याकडे त्या दिवशी टँकरचं पाणी होतं, म्हणून दोन लिटर उकळून कोमट करायला सांगितलं. लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण दीड सपाट चमचे मीठ घातलं तर ते कमी झोंबतं. मीठ जंतू मारायला नाही. त्या प्रमाणात ते अंगातल्या द्रवाइतकंच खारट होतं, एवढाच त्याचा उपयोग. चिमटा त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्यायचा आणि स्वतःचे हात साबणाने धुवायचे.

सगळ्यात आधी हळद काढायची. ती वाळून पापुद्रा झाला होता, तो नखाने उकलायचा नाही. गॉझची घडी या पाण्यात भिजवून गुडघ्यावर ठेवायची आणि पंधरा मिनिटं ओली ठेवायची. पापुद्रा आपण होऊन सुटतो. सासूबाईंनी मायेपोटी लावली, आणि हळदीत गुण नाहीत असं मी म्हणत नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण खडीत मिसळतात, आणि मला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती ही की भोवतालची कातडी पिवळी करून ती लाली लपवते. पुढचे चार दिवस आपल्याला तीच लाली बघायची असते. कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट, राख यांनाही हेच लागू. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी न घातलेलं जंतुनाशक कच्च्या मांसावर ओतू नका. जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात आणि पोर पुन्हा कुणाला गुडघ्याला हात लावू देत नाही.

आता धुणं. हे काम बोळ्याचं नसून धारेचं आहे. केमिस्टकडून २० मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई फेकून द्या, आणि जखमेपासून चार बोटांवर धरून तिरकी धार मारा. सरळ वरून मारलेली धार कण आत दाबते, तिरकी धार त्यांना उचलून बाहेर नेते. दोन्ही लिटर पाणी संपेपर्यंत हे चालू द्यायचं. मग ओल्या गॉझने हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसायचं. कापूस इथे अजिबात नको. त्याचे तंतू अडकतात आणि खडी काढता काढता आपण नवा कचरा पेरतो.

त्यानंतर चिमटा. खोलीतला दिवा पुरत नाही. मोबाइलची बॅटरी गुडघ्याच्या एका बाजूने, जवळजवळ कातडीला टेकवून धरा. रुतलेल्या प्रत्येक कणाची सावली पडते. त्या उजेडात सगळंच काळं खडी वाटतं, पण साकळलेल्या रक्ताचे बारीक ठिपकेही काळेच असतात. चिमट्याच्या टोकाने हळूच स्पर्श करा. रक्त असेल तर ते मऊ लागतं आणि ओल्या गॉझवर तांबूस डाग उमटतो. खडी असेल तर टोकाला कच्च असं लागतं, शांत खोलीत त्याचा आवाजही येतो. डांबराचा ठिपका या दोन्हींत बसत नाही. तो चिकट असतो, चिमट्यातून निसटतो, ओढला तर पसरतो. त्यावर व्हॅसलीनचा जाड थर देऊन दहा मिनिटं थांबा. डांबर त्यात विरघळायला लागतं आणि मग गॉझने पुसून येतं. रॉकेल किंवा पेट्रोल लावणारे लोक मी पाहिलेत, त्याने जखम भाजते.

यासाठी वीस मिनिटांची मर्यादा घाला. तेवढ्यात जे निघालं ते निघालं. पोर थकतं, आपला हात थरथरतो, आणि मग चिमटा कणापेक्षा मांसच जास्त धरतो. तुम्ही सांगितलंत की मोठे सगळे निघाले, पण वाटीच्या खालच्या बाजूला मोहरीहून बारीक चार-पाच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याला जवळच्या सर्जनकडे नेलंत, हेच बरोबर. तिथे जागा बधिर करून निर्जंतुक ब्रशने घासतात. दहा मिनिटांचं काम, बधिर केल्याशिवाय मात्र कुणालाही घासू देऊ नका. कणांशिवायही काही कारणांसाठी थेट डॉक्टरकडेच जायचं असतं: जखमेत पिवळी चरबी दिसत असेल, घट्ट दाबून धरूनही दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबत नसेल, चार पावलं टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा वाटीच्या हाडावर दाबल्यावर मूल किंचाळत असेल. शेवटच्या तिन्हींत एक्स-रे लागतो.

पट्टी बांधायची. ‘हवा लागली की लवकर वाळतं’ हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. वाळतं हे खरं, पण वाळणं आणि भरणं यांत फरक आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर सारख्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे. उघड्या जखमेवर खपली धरते आणि नव्या पेशींना त्या टणक खपलीच्या खालून वाट कोरत जावं लागतं. ओलाव्यात त्या वरूनच सरकतात. त्यात गुडघा म्हणजे दिवसातून शेकडो वेळा वाकणारी जागा. तिथली खपली प्रत्येक जिन्यावर तडकते, रक्त येतं, पुन्हा धरते.

केमिस्टकडे पॅराफिन गॉझ मागा. व्हॅसलीनसारख्या तुपकट पदार्थात भिजवलेली ती जाळी असते, जखमेला चिकटत नाही. मिळाली नाही तर व्हॅसलीनचा भरपूर थर आणि त्यावर न चिकटणारं पॅड, हेही तितकंच चांगलं. फक्त डबा नवा असू द्या, घरातल्या सगळ्यांची बोटं बुडालेला नको. वर साध्या गॉझच्या दोन घड्या आणि रोलर बँडेज. बांधताना गुडघा किंचित वाकवून, वाटीच्या वर आणि खाली आलटून पालटून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्या. पाय सरळ ठेवून बांधलेली पट्टी मूल बसल्याबरोबर आवळते आणि तासाभरात घोट्यापर्यंत घसरते. बांधल्यावर त्याच पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं नाही तर पट्टी घट्ट आहे. अँटिबायोटिक पावडर मारू नका. ती जखमेतल्या पाण्याने भिजून सिमेंटसारखी थापली जाते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. स्वच्छ धुतलेल्या खरचटण्याला मलमातल्या किंवा पोटातल्या अँटिबायोटिकची गरजही नसते.

ड्रेसिंग रोज एकदा बदला, भिजलं किंवा मळलं तर लगेच. चिकटलं असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवून पाच मिनिटं थांबा. हायड्रोकोलॉइडची चिकट पट्टी महाग पडते, पण खडी पूर्ण निघालेली असेल आणि जखम चिघळलेली नसेल तर ती तीन ते पाच दिवस तशीच ठेवता येते आणि मुलाचा रोजचा रडका कार्यक्रम टळतो. तिच्याखाली पिवळट, थोडा वास मारणारा चिकट पदार्थ साठतो. तो त्या पट्टीचाच फुगलेला थर असतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत पहिले तीन दिवस मी ती नको म्हटलं, कारण जखम उकरल्या रस्त्यावरची होती आणि आपल्याला ती रोज डोळ्यांनी बघायची होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन या वेळी नको. लहानपणचे तीन डोस, दीड वर्षाचा बूस्टर आणि पाच वर्षांचा बूस्टर त्याच्या कार्डावर आहेत, तुम्ही फोटो पाठवलात. मातीने मळलेल्या जखमेसाठी नियम असा आहे की शेवटच्या डोसला पाच वर्षं होऊन गेली असतील तर एक द्यायचा. त्याला चारच झालीत. दहाव्या वर्षी सरकारी वेळापत्रकातला टीडीचा डोस आहे, तो मात्र चुकवू नका. दर खरचटण्याला किंवा दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यायची आपल्याकडे सवय आहे, तिला आधार नाही. पण घरात ज्यांचे लहानपणचे डोस झाले की नाही हेच माहीत नाही, त्यांचं गणित वेगळं. तुमच्या सासूबाई उद्या अशाच पडल्या तर त्यांना लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं, आणि ते त्याच दिवशी.

आता चिघळण्याबद्दल. तिसऱ्या दिवशी तुम्ही घाबरून फोटो पाठवलात की पू झालाय. तो पू नव्हता. जखमेवर फिकट पिवळा, चकचकीत, गॉझला न येणारा पातळ थर होता. भरणाऱ्या जखमेवर तो येतोच. पू दाट असतो, ढगाळ किंवा हिरवट, पुसला की परत साठतो आणि बहुधा घाण वास मारतो. पण एकट्या रंगावर जाऊ नका, दुखण्याची दिशा बघा. साधी जखम पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त दुखते आणि मग रोज थोडी कमी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, ठणका लागला, रात्री पोर झोपेतून उठून रडायला लागलं, तर ते चिघळणं समजा, वरून जखम कितीही चांगली दिसो.

लालीचंही तसंच. कडेला अर्ध्या बोटाएवढी लाली पहिले दोन दिवस असते. बॉलपेनने तिच्या कडेवर रेघ ओढा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. रेघेबाहेर लाली सरकली तर त्याच दिवशी डॉक्टर. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी लाल दिसत नाही. ती जांभळट किंवा नुसती जास्त काळी दिसते, कातडी ताणून चकाकते. म्हणून हाताची मागची बाजू एकदा या गुडघ्यावर आणि एकदा दुसऱ्यावर ठेवा. गरमपणातला फरक रंगाच्या आधी कळतो. जखमेपासून मांडीकडे लाल रेघ वर जाणं, जांघेत अवधाण येणं, थंडी वाजून ताप भरणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

गुडघ्याची एक खास गोष्ट आहे. वाटीच्या पुढे, कातडीच्या लगेच खाली एक चपटी पिशवी असते, कातडी हाडावरून सहज सरकावी म्हणून. खरचटण्यातून जंतू तिथे शिरले तर वाटीवरच लिंबाएवढी, दाबली की दबणारी गरम सूज येते. माझ्याकडे फरशी बसवणारे एक गृहस्थ आले होते. किरकोळ खरचटलं, आठवडाभर त्याच गुडघ्यावर टेकून काम केलं, आणि आले तेव्हा पँट गुडघ्यावरून वर सरकत नव्हती. सुईने पू काढावा लागला, दोन आठवडे अँटिबायोटिक. तरीही ते पाय हळूहळू सरळ करू शकत होते. पण गुडघा सगळीकडून सुजला, मूल तो थोडा वाकवूनच धरून बसलं आणि आपण इंचभर हलवायला गेलो तरी सहन होईना, तर जंतू सांध्याच्या आत गेले असण्याची शक्यता आहे. तेव्हा घरगुती शेक, लेप, मालिश काही नाही. थेट मोठं रुग्णालय. सांध्यातली कूर्चा थोड्या दिवसांत कायमची खराब होते.

तुमच्या मुलाचं गेल्या रात्रीपर्यंतचं चित्र चांगलं आहे. पेनची रेघ ओलांडलेली नाही, दुखणं उतरतंय, काल तो शाळेच्या गॅलरीत पळालाही म्हणालात. पळू द्या, फक्त गुडघ्यावर टेकून बसू नये. आंघोळीत ड्रेसिंग भिजलं तर लगेच बदला, नदीत किंवा पोहण्याच्या तलावात कातडी पूर्ण येईपर्यंत उतरवू नका. साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी गुलाबी, पातळ कातडी दिसेल आणि पट्टी बंद करता येईल. ती जागा काही महिने भोवतालपेक्षा काळी राहील, ऊन लागलं तर जास्त. पूर्ण लांबीची पँट घाला किंवा सनस्क्रीन लावा. हा काळपटपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि हळूहळू उतरतो. टोकदार, निळसर, वेगवेगळे ठिपके दिसले तर मात्र कण राहिलेत. पट्टी बंद कराल त्या दिवशी बाजूने बॅटरी धरून एक फोटो काढा आणि मला पाठवा.